भरणा न झाल्याचा संदेश: रक्कम, कारण आणि लिंक एकाच एसएमएसमध्ये कशी बसवावी?

पायवाट (धागा सुरू केला)

आमच्या वर्गणीच्या सेवेत ग्राहकाचा भरणा झाला नाही, की त्याला मराठीत एक एसएमएस जातो. हा मजकूर काही वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिला आणि तेव्हापासून तो कोणी उघडून पाहिला नाही. परवा बिलाचा तपशील तपासताना माझ्या लक्षात आले, की या एका संदेशाचे आमच्याकडून चार संदेशांचे पैसे घेतले जातात. मजकूर असा आहे:

```
प्रिय ग्राहक, आपण केलेले रु. १,२४९.०० चे पेमेंट काही तांत्रिक कारणास्तव अयशस्वी झाले आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करण्यासाठी खालील लिंकवर क्लिक करा: https://pay.example/retry?order=84213097&attempt=1 धन्यवाद.
```

(लिंकमधील पत्ता येथे बदलला आहे, परंतु त्याची लांबी खऱ्या पत्त्याइतकीच ठेवली आहे.)

मला तीनच गोष्टी ठेवायच्या आहेत: किती रक्कम, का भरली गेली नाही आणि पुन्हा कोठे भरायची. सध्याच्या मजकुरात कारण म्हणून जे लिहिले आहे ते कारण नव्हेच, कारण कार्डाची मुदत संपली असली तरी आणि खात्यात पैसे नसले तरी ग्राहकाला "काही तांत्रिक कारणास्तव" एवढेच वाचायला मिळते. तीन-चार ओळींत हे सगळे नीट बसवता येईल का, आणि बसवताना कोठे चुकण्याची शक्यता असते, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

---

वेगवान

एका एसएमएसला १६० अक्षरांची मर्यादा असते. तुमचा मजकूर दोनशेच्या आसपास दिसतो, म्हणजे त्याचे दोन भाग व्हायला हवेत, त्यामुळे चार भागांचे पैसे घेणाऱ्या पुरवठादाराशी आधी बोलून घ्या. दुसरी सूचना अशी, की नवा मजकूर लिहिताना रुपयाचे चिन्ह ₹ अजिबात वापरू नका. ते एक चिन्ह आले की पूर्ण संदेश युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा एकदम खाली येते. आम्ही इंग्रजी संदेशांत ही चूक केली होती आणि महिनाभर दुप्पट पैसे मोजले होते. शक्य असेल तर संदेश इंग्रजीतच पाठवा, हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे.

---

तळटीप

वेगवान यांनी सांगितलेली १६० ची मर्यादा आणि ₹ विषयीची सूचना या दोन्ही गोष्टी इंग्रजी संदेशासाठी बरोबर आहेत, पण येथे लागू होत नाहीत, आणि पुरवठादाराचा हिशेबही चुकलेला नाही.

एका एसएमएसमध्ये मजकुरासाठी १४० बाइट असतात. इंग्रजी अक्षरे सात-सात बिटांत बसवली जातात, म्हणून तेथे १६० मावतात. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला मात्र दोन बाइट लागतात, म्हणून ७० मावतात. मी त्यांना अक्षरे न म्हणता घरे म्हणतो, कारण आपण ज्याला एक अक्षर समजतो ते बहुतेक वेळा एका घरात राहत नाही. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त, प्रत्येकाला स्वतःचे घर लागते. "प्रयत्न" हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण तो सात घरे घेतो.

मजकूर ७० घरांच्या पुढे गेला, की त्याचे भाग पडतात आणि ते जोडण्याच्या माहितीसाठी प्रत्येक भागातील सहा बाइट खर्च होतात, म्हणून भागाला ७० ऐवजी ६७ घरे उरतात. तुमचा मजकूर मी मोजला, तो २०५ घरांचा आहे. तीन भागांत २०१ घरे मावतात. शेवटचा "धन्यवाद." आणि त्याच्या आधीची मोकळी जागा मिळून नऊ घरे होतात. तेवढी काढली असती तरी १९६ उरली असती आणि चौथा भाग पडला नसता. प्रत्येक ग्राहकामागे एक पूर्ण संदेश तुम्ही केवळ त्या एका शब्दासाठी विकत घेत होता.

मोजण्यासाठी मी हे वापरतो:

```python
def mojani(s):
    n = len(s.encode("utf-16-be")) // 2
    return n, (1 if n <= 70 else -(-n // 67))
```

पहिला आकडा घरांचा, दुसरा भागांचा. हे केवळ देवनागरी मजकुरासाठी आहे, निव्वळ इंग्रजी संदेशाला लावू नका.

₹ विषयी सांगायचे, तर तुमचा संदेश देवनागरीमुळे आधीच दोन-बाइटी झालेला आहे, त्यामुळे ₹ येण्याने आणखी काही बिघडत नाही. उलट "रु." तीन घरे घेते आणि ₹ एकच घेते. येथे ते चिन्ह तुमच्या फायद्याचे आहे.

---

ओसरी

तुम्ही सगळे अक्षरे मोजत आहात, पण ग्राहकाच्या बाजूने मला एक सांगावेसे वाटते. मला एकदा असाच "पेमेंट अयशस्वी" असा संदेश आला. त्यात लिंक होती, म्हणून मी लगेच पुन्हा पैसे भरले. संध्याकाळी खाते पाहिले, तर रक्कम दोनदा गेलेली होती. पहिला भरणा मुळात झालेला होता, फक्त त्याचे उत्तर त्यांच्याकडे उशिरा पोहोचले होते. जादा गेलेली रक्कम परत मिळेपर्यंत मला बरेच दिवस पाठपुरावा करावा लागला. संदेश लहान करण्यापेक्षा त्यात मदत केंद्राचा क्रमांक द्यावा, म्हणजे माणसाला निदान कोणाशी तरी बोलता येईल.

---

पायवाट

तळटीप, मोजणी पाहून डोळे उघडले. मी पहिला प्रयत्न केला, तो असा:

```
रु.१,२४९ भरणा अयशस्वी: खात्यात शिल्लक कमी.
पुन्हा भरा:
pay.example/7Kq2mXw
```

तुमच्या मोजणीने हा ७४ भरतो, म्हणजे अजून दोन भाग. चार घरे कोठून काढावीत ते सुचत नाही. "पुन्हा" ऐवजी "परत" लिहिले तर तीन वाचतात, तरीही एक उरतेच.

वेगवान, इंग्रजीचा पर्याय आमच्यासाठी नाही. ज्यांना हा संदेश जातो त्यांनी स्वतः मराठी निवडलेली आहे.

ओसरी, तुमचा अनुभव वाचून मला काळजी वाटली. आमच्याकडे उत्तर न आलेल्या भरण्यालाही हाच संदेश जातो का, ते मी उद्या तपासतो.

---

मात्रावेलांटी

मी गेली बरीच वर्षे ग्राहकांना जाणाऱ्या मराठी मजकुराचे संपादन करते, म्हणून फक्त भाषेपुरते लिहिते.

"परत" कृपया वापरू नका. बोलताना आपण "परत एकदा भरा" सहज म्हणतो, पण पैशांच्या संदेशात "परत" हा शब्द दिसला, की वाचणाऱ्याला परतावा आठवतो. "रु.१,२४९ ... परत" एवढेच सूचनेच्या पट्टीत दिसले, तर पैसे परत आले असे समजून माणूस निश्चिंत होईल. ती तीन घरे वाचवण्यासारखी नाहीत.

"खात्यात" मात्र खुशाल काढा. शिल्लक खात्यातच असते. त्या शब्दाची आणि मोकळ्या जागेची मिळून आठ घरे सुटतील.

"अयशस्वी" हा शब्द मला कधीच आवडला नाही. परीक्षेच्या निकालात तो शोभतो. घाईत वाचणाऱ्या वयस्कर माणसांना "भरणा झाला नाही" हे चटकन समजते आणि मोठ्याने वाचून दाखवतानाही अडखळायला होत नाही. "अयशस्वी" सात घरे घेतो, "झाला नाही" नऊ. तळटीप यांनी ₹ मध्ये दोन घरे वाचवून दिलेली आहेत, ती येथे खर्च करावीत असे माझे मत आहे.

शिवाय ओळ बदलली, की विरामचिन्हाचे काम ओळच करते. "अयशस्वी" नंतर विसर्गासारखे दोन टिंब, "कमी" नंतर पूर्णविराम, "भरा" नंतर पुन्हा दोन टिंब, या तिन्ही ठिकाणी ओळ बदलली तर हे सगळे नसले तरी अर्थ कोठेही ढळत नाही.

---

तळटीप

मात्रावेलांटी यांचे सर्व मुद्दे एकत्र केले, तर हा मजकूर तयार होतो:

```
₹१,२४९ भरणा झाला नाही
शिल्लक कमी
पुन्हा भरा
pay.example/7Kq2mXw
```

हा ६३ घरांचा आहे. ओळ बदलण्यासाठी लागणारी तीन घरे त्यात धरलेली आहेत. बिलापुरते पाहिले तर काम झाले, पण येथे थांबू नका, कारण ₹१,२४९ आणि "शिल्लक कमी" हे केवळ एक उदाहरण आहे. खरा मजकूर साच्यातून तयार होतो आणि साच्यातल्या दोन गोष्टी बदलतात, रक्कम आणि कारण. त्या दोन्ही काढून उरलेले मोजले, तर ४८ घरे होतात. म्हणजे रक्कम आणि कारण या दोघांच्या वाट्याला मिळून २२ घरे येतात, हा तुमचा नियम. रकमेतील स्वल्पविरामही त्यात धरायचा.

तुमची सर्वांत मोठी रक्कम लाखाच्या घरातली असेल, तर "१,२४,९९९" आठ घरे घेते आणि कारणाला चौदा उरतात. कारणांचे शब्द या चौदात बसवून ठेवा. "शिल्लक कमी" दहा घेते, "पिन चुकला" नऊ, "बँकेचा नकार" अकरा, "बँक सेवा बंद" बारा, "मर्यादेबाहेर" बारा. "कार्डाची मुदत संपली" एकोणीस घेते, म्हणून ते बसत नाही. "कार्ड कालबाह्य" बरोबर चौदात बसते. केवळ "मुदत संपली" दहात बसते, परंतु ते लिहू नका, कारण ग्राहक त्याचा अर्थ भरण्याची मुदत संपली असा घेईल आणि लिंक उघडणारच नाही.

रुपयांपुढचे पैसे शून्य असतील तर ".००" छापू नका. ते शून्य नसतील आणि रक्कमही मोठी असेल, तर "१,२४,९९९.५०" अकरा घरे घेते आणि "कार्ड कालबाह्य" तेथे मावत नाही. अशा वेळी प्रणालीने "पुन्हा भरा" ऐवजी केवळ "भरा" छापावे, त्यात सात घरे सुटतात. मजकूर सत्तराव्या घरावर कापून टाकणे हा उपाय कधीही करू नका. लिंक शेवटी असल्यामुळे कापले जाते ते तिचेच शेपूट, आणि ग्राहकाला दिसायला नीट पण उघडल्यावर चुकीची लिंक मिळते.

"बँक" लिहिताना एक बारकावा सांभाळा. ब आणि चंद्रबिंदू असे टंकले तर "बँ" दोन घरांत होते. चंद्र वेगळा आणि अनुस्वार वेगळा टंकला तर तीन घरे लागतात, आणि पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात.

---

वेगवान

देवनागरीचा हिशेब मी कधी केलाच नव्हता, माझे विधान मागे घेतो.

लिंकविषयी मात्र माझा अनुभव आहे. स्वतःच्या पत्त्यावर एकोणीस घरे कशाला घालवायची? लिंक लहान करून देणाऱ्या मोफत सेवा आहेत, त्या वापराव्यात. तसेच लिंकच्या आधी `https://` असलेच पाहिजे, नाहीतर फोनला ती लिंक आहे हे कळणारच नाही.

---

तळटीप

मोफत सेवेचा पत्ता पैशांच्या संदेशात घालण्याला माझा ठाम विरोध आहे. अशाच पत्त्यांमागे फसवणारेही लपतात, म्हणून अनेक मोबाइल कंपन्या असे संदेश गाळून टाकतात. आणि ग्राहकाला जर आपण "अनोळखी लिंक उघडू नका" असे शिकवत असू, तर आपलीच लिंक अनोळखी दिसता कामा नये. पाठवणाऱ्याचे नाव आणि लिंकमधला पत्ता, एवढ्याच दोन खुणांवरून माणूस संदेश खरा की खोटा हे ठरवतो.

पत्ता तुमचा स्वतःचाच ठेवा आणि त्यापुढची शेपटी लहान करा. `retry?order=84213097&attempt=1` एवढे लिहिण्याची गरज नाही. सात चिन्हांचा एक यादृच्छिक संकेत पुरतो. लहान-मोठी इंग्रजी अक्षरे आणि अंक मिळून ६२ चिन्हे होतात आणि सात जागांवर त्यांच्या सुमारे ३.५ लाख कोटी जुळण्या होतात. मागणी क्रमांक लिंकमध्ये उघडा ठेवला, तर कोणीही त्यात एक मिळवून दुसऱ्याचे पान उघडू शकतो. संकेताला मुदत द्या, आणि एकाच ठिकाणाहून वारंवार चुकीचे संकेत येऊ लागले तर ते अडवा.

`https://` विषयी तुमचे म्हणणे अर्धे खरे आहे. पुष्कळ फोन .com सारख्या ओळखीच्या शेवटाचा पत्ता त्याशिवायही लिंक म्हणून दाखवतात, परंतु नवीन किंवा अपरिचित शेवट असेल तर काही फोन दाखवत नाहीत. ती आठ घरे आहेत, म्हणजे बावीसपैकी चौदाच उरतील आणि "शिल्लक कमी" सोबत नऊशे नव्याण्णवपर्यंतचीच रक्कम मावेल. म्हणून आधी जुने-नवे चार-पाच फोन हातात घेऊन स्वतःच्या पत्त्याची चाचणी करा. त्यात एकही फोन चुकला, तर `https://` ठेवा आणि तिसरी ओळ काढा.

मराठीपुरता आणखी एक धोका सांगतो. लिंकला विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय चिकटवू नका. एका कामात मजकूर "pay.example/7Kq2mXwवर भरा" असा होता. काही फोन "वर" लाही लिंकचाच भाग समजत होते. सर्व्हरच्या नोंदीत अशा ओळी येत होत्या:

```
GET /7Kq2mXw%E0%A4%B5%E0%A4%B0 404
```

ती शेवटची लांब माळ म्हणजे "वर" हा शब्द आहे. ग्राहक लिंक उघडत होते, त्यांना पान सापडत नव्हते, आणि आमच्या तक्त्यात मात्र "लिंक उघडली नाही" असेच दिसत होते. लिंक शेवटच्या ओळीत एकटी ठेवा आणि तिच्यामागे पूर्णविरामही देऊ नका.

---

ओसरी

माझा प्रश्न मध्येच राहिला. मदत केंद्राचा क्रमांक तुमच्या बावीस घरांत बसणार नाही, हे मला आता समजले. पण दोनदा पैसे जाण्याचे काय?

---

तळटीप

ओसरी, तुमचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण त्याचे उत्तर मजकुराच्या लांबीत नसून मजकूर केव्हा पाठवावा यात आहे.

भरण्याचे उत्तर दोन प्रकारचे असते असे आपण धरतो, झाला किंवा झाला नाही. प्रत्यक्षात तिसरा प्रकारही असतो: उत्तर आलेच नाही. विनंती बँकेपर्यंत गेली, पैसे कदाचित वळतेही झाले, पण उत्तर ठरलेल्या वेळेत परतले नाही. अनेक प्रणाली या तिसऱ्या प्रकाराला दुसऱ्यात टाकतात, आणि तुमच्या बाबतीत बहुधा तेच घडले. असा भरणा झाला नाही असे ठामपणे सांगून वर पुन्हा भरण्याची लिंक देणे म्हणजे माणसाला दोनदा पैसे भरायला लावणे होय.

म्हणून कारणांची यादी करताना आधी हे दोन ढीग वेगळे करावेत. कार्डाच्या व्यवहारांत आयएसओ ८५८३ या मानकाचे दोन अंकी संकेत येतात. ५१ म्हणजे शिल्लक अपुरी, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली, ५५ म्हणजे पिन चुकला, ६१ म्हणजे मर्यादा ओलांडली. येथे बँकेने स्पष्ट नकार दिलेला असतो आणि पुन्हा भरायला सांगण्यात धोका नसतो. ०५ आला तर बँकेने नकार दिला एवढेच कळते, का दिला ते ती सांगत नाही, म्हणून आपणही अंदाज न करता "बँकेचा नकार" एवढेच लिहावे. ४१ आणि ४३ म्हणजे कार्ड हरवल्याची किंवा चोरीला गेल्याची नोंद आहे, तेथेही "बँकेचा नकार" एवढेच लिहावे, कारण तो फोन कोणाच्या हातात आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

उत्तरच आले नसेल, तर संदेश निराळा हवा:

```
₹१,२४९ भरणा तपासत आहोत
पुन्हा भरू नका
स्थिती
pay.example/7Kq2mXw
```

हा ६४ घरांचा आहे आणि लाखाच्या रकमेलाही ६७ वर थांबतो. लिंक तीच, पण पान वेगळे वागते. ते उघडताच आधी बँकेकडून स्थिती विचारून घेते, आणि "झाला नाही" असे निश्चित कळल्यावरच भरण्याचे बटण दाखवते. पहिल्या प्रकारच्या संदेशातील पानानेही हीच तपासणी करावी, कारण माणूस संदेश चार तासांनी वाचतो आणि तोवर परिस्थिती बदललेली असू शकते. लिंक एका प्रयत्नाशी न बांधता मागणीशी बांधा, म्हणजे दोनदा उघडली तरी एकाच मागणीचे पैसे एकदाच जातील. आणि लिंक नुसती उघडल्याने पैसे कधीही वळते होऊ देऊ नका. फोनमधील संदेशाचे ॲप किंवा सुरक्षेची यंत्रणा कित्येकदा माणसाच्या आधी लिंक उघडून पाहते.

---

मात्रावेलांटी

"भरणा तपासत आहोत" हे मला पटले. "प्रलंबित" न लिहिल्याबद्दल तळटीप यांचे आभार.

एक शंका आहे. "₹१,२४९ भरणा झाला नाही" हे व्याकरणाच्या दृष्टीने अपुरे वाटते. "₹१,२४९ चा भरणा" असे हवे. त्याला तीन घरे जास्त लागतील, हे मला ठाऊक आहे.

---

पायवाट

"चा" घालून पाहिले. साधारण रकमांना बसते, पण लाखाची रक्कम आणि "कार्ड कालबाह्य" एकत्र आले की ७३ होतात. तूर्तास "चा" शिवाय ठेवतो, तरी वाचताना मलाही ते खटकते. आकड्यापुढे केवळ ओळ बदलली तर बरे दिसेल का, याचा विचार करत आहे. मोकळ्या जागेच्या जागी ओळ आली, तर घरे तेवढीच लागतील.

आता एक विचित्र गोष्ट सांगतो. नवा साचा चार दिवसांपूर्वी सुरू केला. चाचणीत एकही संदेश ७० च्या पुढे गेला नव्हता. तरीही बिलात काही संदेश दोन भागांचे दिसत आहेत. मी ते वेगळे काढले, तर बहुतेक सर्व "कार्ड कालबाह्य" चे आहेत आणि रक्कम दहा हजार किंवा त्याहून अधिक आहे. हजारांतल्या रकमांना तेच कारण असले तरी एकच भाग लागतो. ₹१२,४९९ आणि "कार्ड कालबाह्य" माझ्या मोजणीने ६८ भरतात. मग दोन भाग का व्हावेत?

---

तळटीप

६८ चे ७१ झाले असतील. तीनचा फरक आणि तीन ओळबदल, यावरून माझा संशय एकाच ठिकाणी जातो. चाचणीचा मजकूर तुम्ही कोडमध्ये लिहिला होता आणि चालू साचा कार्यालयातल्या वेब पानावरच्या मजकूर-चौकटीत भरला होता का? वेब पानावरील चौकटीतून मजकूर पाठवला, की प्रत्येक ओळबदल एकाऐवजी दोन चिन्हांचा होऊन जातो, `\r\n` असा. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. पाठवण्याच्या अगदी आधी, म्हणजे रक्कम आणि कारण भरून झाल्यावर, हे करा:

```python
s = s.replace("\r\n", "\n").replace("\u00a0", " ")
s = s.replace("\u200c", "").replace("\u200d", "")
```

यातील पहिली ओळ ओळबदल सुधारते आणि लेखन-सॉफ्टवेअरमधून चिकटलेली न तुटणारी मोकळी जागा साधी करते. दुसरी ओळ न दिसणारी जोड-तोड चिन्हे काढते, प्रत्येकाचे एक घर असते. मात्र ही दुसरी ओळ सरसकट लावण्यापूर्वी तुमच्या साच्यांत "दुसऱ्या", "तिसर्‍या" अशा प्रकारचा अर्धा र कसा टंकलेला आहे ते पाहा. काही कळफलक तो र, हलन्त आणि जोडचिन्ह मिळून लिहितात. तेथे जोडचिन्ह काढले, तर अर्धा र उडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार बसतो. आपल्या सध्याच्या शब्दांत असा र नाही, म्हणून येथे अडचण येणार नाही.

---

पायवाट

अगदी तेच निघाले. चौकटीत भरलेल्या साच्यात तिन्ही ओळबदल दोन-दोन चिन्हांचे होते. सुधारणा केल्यावर कालपासून एकही दोन भागांचा संदेश गेलेला नाही. मोजणी आता साच्यावर न करता प्रत्येक तयार संदेशावर होते, आणि ७० ओलांडले की नोंद होते.

उत्तर न आलेल्या भरण्यांचेही तपासले. ओसरी यांची शंका खरी होती, आमच्याकडेही त्यांना "अयशस्वी" चाच संदेश जात होता. तो काल बंद केला.

---

ओसरी

हे वाचून मनाला बरे वाटले. आता आणखी एक विचारते. "शिल्लक कमी" हे फोनच्या बंद पडद्यावर दिसते. माझा फोन घरात टेबलावर पडलेला असतो, कार्यालयात शेजारच्याला दिसतो. माझ्या खात्यात पैसे नाहीत हे इतरांनी का वाचावे?

---

मात्रावेलांटी

मला हे पूर्णपणे मान्य आहे. कारण लिंकच्या पानावर सांगता येईल. संदेशात "बँकेचा नकार" पुरेसे आहे.

---

तळटीप

मला ते पटत नाही. "बँकेचा नकार" वाचून माणूस आधी बँकेला फोन करतो आणि तासभर घालवतो. "शिल्लक कमी" वाचले, तर दोन मिनिटांत दुसऱ्या खात्यातून पैसे भरून मोकळा होतो. कारण देण्याचा उद्देशच तो आहे. तरीही ओसरी यांची अडचण खरी आहे, हे मी नाकारत नाही. मधला मार्ग म्हणून रक्कम आणि "भरणा झाला नाही" पहिल्या ओळीत, आणि कारण लिंकच्या अगदी आधीच्या ओळीत ठेवता येईल, म्हणजे ज्या फोनवर सूचनेत एक-दोन ओळीच दिसतात तेथे ते झाकलेले राहील. मात्र सूचना पूर्ण उलगडून दाखवणाऱ्या फोनवर त्याचा उपयोग होणार नाही.

---

पायवाट

कारणाची ओळ आणि "पुन्हा भरा" यांची अदलाबदल करून पाहिली, घरे ६३ च राहतात:

```
₹१,२४९ भरणा झाला नाही
पुन्हा भरा
शिल्लक कमी
pay.example/7Kq2mXw
```

पण वाचताना "पुन्हा भरा, शिल्लक कमी" असा उलटा क्रम लागतो आणि लिंकचा "भरा" शी संबंध तुटतो. ग्राहकांनी नोंदणी करताना कारण संदेशात हवे की नको हे स्वतः निवडावे, असा प्रस्ताव मी आमच्या गटापुढे ठेवला आहे. त्याला अजून होकार आलेला नाही. तोपर्यंत "शिल्लक कमी" दुसऱ्या ओळीतच ठेवले आहे, आणि ओसरी यांच्यासारखी तक्रार ज्यांच्याकडून येईल त्यांच्यापुरते "बँकेचा नकार" करण्याची सोय हाताने केली आहे.